आउटडोअर शूट आणि पाऊस: पटकथेसोबतच ‘ब’ सीन कसे लिहायचे

आमच्या पहिल्या लघुपटाचं शूट ऑक्टोबरात कोकणात होतं. पहिल्या दिवशी सगळे नवे आणि थोडे घाबरलेले होते, म्हणून ‘आधी घरातले सोपे सीन उरकू, म्हणजे हात बसेल’ असं ठरलं. संध्याकाळपर्यंत घरातले चारही सीन झाले आणि आम्ही खूश झालो. दुसऱ्या दिवशी तीन वाजता ढग आले आणि पाऊस रात्री आठला थांबला. तिसऱ्या दिवशीही तेच. दोन्ही दुपारी सतरा माणसं ओटीवर बसून होती, कारण छपराखाली चित्रित करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. जे सीन पावसासाठी राखायचे होते, ते आम्ही लख्ख उन्हाच्या दिवशी खर्च केले होते.

तेव्हापासून मी पटकथा लिहितानाच तिच्याशेजारी दुसरं हस्तलिखित ठेवतो. त्यात अडू शकणाऱ्या प्रत्येक सीनचा पर्याय म्हणजे ‘ब’ सीन, त्या पर्यायामुळे बदलणारे पुढचे संवाद आणि दोन्हींचं वेळापत्रक असतं. ते कसं तयार करायचं, ते एका उदाहरणावरून सांगतो.

उदाहरण असं धरा. पंचवीस मिनिटांचा लघुपट, चार दिवसांचं शूट, गुहागरातलं एक कौलारू घर. घरामागे पोफळीची वाडी आणि वाडीपलीकडे समुद्र. गोष्ट दोन भावंडांची. धाकटा दिलीप वाटणीच्या कागदावर सही करायला मुंबईहून आला आहे. थोरली आक्का घरातच राहते. सीन ७ मध्ये ती विश्वासाने त्याच्या हाती घराच्या किल्ल्यांचा जुडगा देते. सीन ११ मध्ये, तिन्हीसांजेला किनाऱ्यावर, तो तिला सांगतो की आपल्या हिश्श्याचा विसार त्याने आधीच घेतला आहे. सीन १४ म्हणजे सहीचा दिवस. सगळा भार सीन ११ वर आहे आणि नेमका तोच सीन उघड्यावर आहे.

१. प्रत्येक बाह्य सीन नेमका कशाने अडेल, ते लिहा

‘पाऊस आला तर’ एवढं पुरत नाही. ब्रेकडाउन, म्हणजे पटकथेची सीनवार यादी, करताना प्रत्येक बाह्य सीनपुढे त्याचं स्वतःचं अडण्याचं कारण लिहा. एसटी थांब्यावरचा सीन ४ पावसाने अडत नाही. छत्री दिली की तो पावसातही होतो, उलट जास्त छान दिसेल. तो अडतो गर्दीने आणि गाडी चुकली तर. वाडीतला सीन ९ अडतो अंधाराने, कारण पोफळीखाली ढगाळ दिवशी चारलाच उजेड संपतो. सीन ११ पावसाने, विजेने आणि पाण्याने, अशा तिन्हींनी अडतो.

पाण्याचं जरा सविस्तर सांगतो, कारण किनाऱ्यावर शूट करणारे नवखे लोक पावसाचा विचार करतात आणि भरती विसरतात. कोकणात जुना हिशोब आहे: तिथीला तीनने गुणा, चारने भागा, भरतीची वेळ साधारण मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला किंवा अमावस्येला सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. हा हिशोब ढोबळ आहे. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातून घ्या आणि किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांना विचारून ताडून पाहा.

आता आमच्या सीनला काय हवं आहे? सूर्यास्ताला रुंद, ओली, आरशासारखी वाळू, म्हणजे संध्याकाळी सहाला ओहोटी. ती पौर्णिमा-अमावस्येच्या आगेमागेच मिळते. तेव्हा उधाणाचे दिवस असतात, त्यामुळे पाणी इतर वेळेपेक्षा जास्त मागेही जातं. म्हणून शूट कोजागरीला धरून त्रयोदशी ते प्रतिपदा असं ठेवलं. पाऊस पडला म्हणून हा सीन ‘आठवड्याने घेऊ’ म्हटलं तर आठवड्याने अष्टमी येते आणि सूर्यास्ताला भरती ऐन भरात असते. वाळूच नसते. पुढची योग्य संध्याकाळ थेट पंधरा दिवसांनी, अमावस्येला. तोपर्यंत कलाकार, कॅमेरा, घर यांतलं काहीच हाताशी नसतं. अडण्याचं कारण असं खोलात लिहिलं की ‘पुढे ढकलू’ हा पर्याय खरा आहे की नाही, ते कागदावरच समजतं. सीन ११ पुरतं उत्तर स्पष्ट आहे: चार दिवसांत जमलं तर किनारा, नाहीतर ‘ब’ सीन.

२. सीनचं काम तीन ओळींत लिहा

पर्यायी सीन लिहायला बसलो की हात आपोआप तेच संवाद उचलून छपराखाली ठेवतो. तसं करू नका. आधी मूळ सीन बाजूला ठेवा आणि तो गोष्टीत काय काम करतो, तेवढंच लिहा. सीन ११ चं काम असं निघालं:

– विसार घेतल्याचं आक्काला कळतं, आणि ते दिलीपकडूनच कळतं.
– आक्का जुडगा परत घेते.
– आक्का त्याला एकटं सोडून जाते.

समुद्र यात कुठेच नाही. तो आपल्याला आवडतो, सीनला उंची देतो, पण काम या तीन गोष्टींचं आहे. चौथी ओळ लिहावीशी वाटली तर थांबा. ती बहुधा चित्रचौकटीविषयी असते, घटनेविषयी नसते. उलट, एखाद्या सीनचं काम जागेपासून वेगळं काढताच आलं नाही, म्हणजे समजा कोणी तरी बुडतं आहे, तर त्या सीनला ‘ब’ नसतो. त्याला जास्तीची संध्याकाळ राखून ठेवावी लागते. असे सीन चार दिवसांत एकाहून जास्त असतील तर निर्मात्याशी शूट सुरू होण्याआधी बोला.

३. ‘ब’ सीन त्याच्या जागेसाठी लिहा

मूळ सीन असा आहे:

सीन ११-अ. बाह्य. समुद्रकिनारा. तिन्हीसांज.
ओहोटी. आक्का पुढे, दिलीप दोन पावलं मागे.
दिलीप: विसार घेतलाय मी.
आक्का थांबते. वळत नाही.
दिलीप: वाटणीआधीच. सांगणार होतो.
आक्का: किल्ल्या दे.
तो जुडगा काढून देतो. ती चालू लागते. ओल्या वाळूवर लहान लहान होत जाते. तो तिथेच.

पहिल्यांदा मी याचा पर्याय पडवीत ठेवला होता. बाहेर पाऊस, दोघं खांबाशी उभी, संवाद तेच. साउंड रेकॉर्डिस्टने वाचून विचारलं, ‘पाऊस पडत असेल तेव्हाच हा सीन घ्यायचा ना? मग यातलं मला एक अक्षर मिळणार नाही.’ पडवीवर पत्रा होता. पत्र्यावर पाऊस म्हणजे ताशा. कौलांखाली जरा बरं असतं, तरी धो धो पावसात संवाद स्वच्छ मिळत नाही. ‘ब’ सीन पावसातच घेतला जाणार आहे, त्यामुळे पाऊस त्यातलं एक पात्र आहे हे गृहीत धरूनच तो लिहावा लागतो. त्यात बोलणं शक्य तितकं कमी हवं.

सीन ११-ब. अंतर्गत. माजघर. तिन्हीसांज. बाहेर पाऊस.
आक्का देवापाशी दिवा लावते आहे. दिलीप उंबऱ्यात, डोकं भिजलेलं. विसाराचा कागद तिच्यासमोर पाटावर ठेवतो.
आक्का वाचते. हातातली काडी विझते.
ती न बघता हात पुढे करते. तो जुडगा त्या हातावर ठेवतो.
ती आतल्या खोलीत जाते. कडी लागल्याचा आवाज. मग फक्त पाऊस.

तिन्ही कामं झाली आणि एकही संवाद लागला नाही. इथे आवाजाची अडचण पाऊस थांबला तरी येत नाही: मध्येच उघडीप झाली तर पावसाचा आवाज नंतर लावता येतो, कारण ओठ हलतच नाहीत. रेकॉर्डिस्टकडून पावसाचा आणि कडीचा आवाज वेगळा घेऊन ठेवा.

‘ब’ लिहून झाला की तो तीन गोष्टींवर तपासा. त्यात लागणारे कलाकार त्या दिवशी हजर आहेत का? ती जागा मूळ ठिकाणापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे का? आणि त्यात नवं सामान लागतं का? विसाराचा कागद ‘अ’ मध्ये नव्हता, ‘ब’ मध्ये आहे. तो आधीच लिहून, घड्या पाडून, दोन प्रतींत तयार हवा. शूटच्या संध्याकाळी सहा वाजता स्टॅम्पपेपरसारखा कागद शोधत फिरण्याची वेळ येते ती इथे.

४. सीनमध्ये सांधा ठेवा

सगळ्यात वाईट पाऊस सीनच्या आधी येणारा नव्हे, मध्ये येणारा. सहापैकी तीन शॉट झालेत आणि सर आली. अर्धा सीन किनाऱ्यावर, अर्धा कुठेच नाही.

यासाठी पटकथेतच एक रेघ मारून ठेवा: ‘इथून पुढचं दुसरीकडे नेता येईल.’ सीन ११-अ मध्ये ती रेघ ‘आक्का थांबते. वळत नाही.’ याच्याखाली आहे. विसाराची गोष्ट किनाऱ्यावर सांगून झाली. पाऊस आला तर पुढचा भाग वाडीच्या बेड्याशी, म्हणजे कुंपणाच्या दाराशी: दोघं भिजून आलेली, आक्का दार अडवून उभी, हात पुढे. जुडगा घेते, आत जाते, बेडं लागतं. एवढ्याची चार ओळींची ‘११-अ, उत्तरार्ध’ अशी वेगळी चिठ्ठी पानाला टाचून ठेवायची.

शॉटचा क्रमही याच हिशोबाने. नवखे लोक सीनच्या क्रमाने शॉट घेतात. किनाऱ्यावर आधी ते शॉट घ्या जे दुसरीकडे कुठेच मिळणार नाहीत. इथे तो शेवटचा शॉट आहे: आक्का ओल्या वाळूवर लांब जाते तो. तो पहिला. त्यात पावलांचे ठसे उमटतील, म्हणून पुढच्या शॉटसाठी कॅमेरा दहा-पंधरा पावलं बाजूला न्यायचा. मग दोघांचा एकत्र शॉट. क्लोजअप सगळ्यात शेवटी, कारण ते राहिले तरी दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराला, वर ताडपत्री बांधून, मागे धूसर आकाश ठेवून घेता येतात. रेघेखालचा भाग बेड्याशी न्यावा लागला तर जाण्याचा शॉट संकलनात वाया जातो. ते नुकसान चालेल, तो न मिळण्याचं नुकसान मोठं आहे.

५. साखळी तपासा

माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे आणि याच्यासाठी कोणी वेळ देत नाही. ‘ब’ सीन घेतला की पुढच्या सीनमधली काही वाक्यं खोटी पडतात. भिजलेले केस आणि ओले कपडे कंटिन्युइटी बघणाऱ्याच्या लक्षात येतात. माहितीतली चूक मात्र लेखकालाच पकडावी लागते.

आमच्या उदाहरणात सीन १४ मध्ये, सहीच्या वेळी, आक्का म्हणते, ‘विसाराचा कागद दाखवला नाहीस अजून.’ ११-अ झाला असेल तर हे वाक्य अगदी बरोबर आहे. ११-ब झाला असेल तर तिने कागद वाचलेला आहे आणि हे वाक्य चित्रपट मोडून टाकतं. म्हणून १४-ब लागतो, ज्यात ती तो कागद स्वतःच्या पदरातून काढून पाटावर ठेवते. सीन १२ मध्ये (त्याच रात्री, माजघर) ‘अ’ असेल तर दिलीपच्या पायाला वाळू, ‘ब’ असेल तर जमीन ओली आणि पाट तिथेच. सीन १३, पहाटेची विहीर: ‘ब’ असेल तर अंगण ओलं हवं. दोन बादल्या पाणी मारलं की झालं.

हे सगळं एका पानावर ‘११-ब झाला तर’ असं शीर्षक देऊन लिहा आणि ते पान पटकथेत सीन ११ च्या लगेच मागे लावा. फाइलच्या शेवटी परिशिष्ट म्हणून ठेवलं तर शूटच्या गडबडीत कोणी उघडत नाही. ‘ब’ पानं वेगळ्या रंगाच्या कागदावर छापा. आम्ही फिकट पिवळा वापरतो. संकलकालाही ही पानं द्या, नाहीतर फूटेज हाती आल्यावर त्याला वाटतं की दोन वेगळे सीन आहेत.

साखळीतून एक नियम आपोआप निघतो. ज्या सीनचं रूप ११ वर अवलंबून आहे तो ११ च्या आधी घ्यायचा नाही. म्हणजे १२, १३ आणि १४ दुसऱ्या दिवसाच्या आधी शेड्यूलमध्ये येऊच शकत नाहीत.

६. कव्हर सीन राखून ठेवा

‘ब’ सीन म्हणजे त्याच सीनचं दुसरं रूप. कव्हर सीन वेगळा. तो पटकथेतलाच दुसरा सीन असतो, छपराखालचा, जो पाऊस आला की उचलायचा. दोन्ही लागतात. दुसऱ्या दिवशी पाऊस आला आणि अजून दोन संध्याकाळी हातात आहेत, तर लगेच ११-ब घ्यायची घाई का करायची? त्या दिवशी कव्हर सीन घ्या, किनारा तिसऱ्या दिवसावर टाका. ‘ब’ शेवटच्या संधीला.

कव्हर सीन कुठला चालतो? सीन ७ ओटीवर आहे, छपराखाली आहे, पण तो संवादांनी भरलेला आहे, पावसात आवाज मिळणार नाही. सीन १२ अकराच्या पुढचा, म्हणून बाद. सीन ५ बघा: आक्का चुलीपाशी एकटी, भाकरी थापते आहे, बाहेरून दिलीपच्या फोनवरच्या बोलण्याचा पुसट आवाज. एकच कलाकार, तोंडाने संवाद नाही, लहान खिडकी जी बाहेरून झाकून दिवा लावला की कुठल्याही वेळी सकाळ करता येते. हा तुमचा सोन्याचा सीन. तो शेवटपर्यंत शेड्यूलमध्ये कुठेच पक्का टाकू नका. ‘अजून सीन ५ राहिलाय’ म्हणून सहायक दिग्दर्शक अस्वस्थ होतील. होऊ द्या. चौथ्या दिवशी दुपारपर्यंत तो राहिला असेल तर तेव्हा घ्या, दीड तासात होतो.

ऑक्टोबरचा पाऊस ज्या वेळी येतो त्याचाही उपयोग करा. हवामान खात्याच्या २०२० पासूनच्या तक्त्याप्रमाणे मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे. त्याच्या आगेमागे कोकणात सकाळी लख्ख ऊन आणि दुपारनंतर गडगडाट असे दिवस असतात. ढग जुलैसारखे समुद्रावरून येत नाहीत, सह्याद्रीवर तयार होऊन पश्चिमेकडे सरकतात. म्हणून लोकेशनवर ढग बघायचे ते पूर्वेला, डोंगराकडे. समुद्राकडचं निळं आकाश बघून निश्चिंत झालेलं युनिट मी पाहिलं आहे, आणि पाठीमागून आलेली सरही.

त्यामुळे सीन ४ आणि ९ सकाळी, दुपारी जेवणानंतर घरातला सीन, आणि संध्याकाळ किनाऱ्यासाठी मोकळी, अशी रचना ठेवा. किनारा दुसऱ्या दिवशी ठेवा, चौथ्या दिवशी कधीच नको.

७. निर्णयाची वेळ आधी ठरवा

‘अजून अर्धा तास बघू’ हे वाक्य शूटमध्ये सगळ्यात जास्त पैसे खातं. तीनदा अर्धा तास बघितला की किनाराही जातो आणि कव्हरही. निर्णयाची वेळ कॉल शीटवर छापलेली हवी, आणि ती उलटा हिशोब करून काढायची.

सूर्यास्त साधारण सव्वासहाला. आपल्याला हवा तो मॅजिक लाइट पावणेसहा ते साडेसहा. किनाऱ्यावर कॅमेरा लावून तालमीला चाळीस मिनिटं. वाडीतून वाळूवर गाडी जात नाही, सामान खांद्यावरून न्यायला पंचवीस मिनिटं. म्हणजे घरातून साडेचारला निघायला हवं. दुसरीकडे ११-ब किंवा कव्हर सीनसाठी दिवे लावायला पाऊण तास लागतो आणि ११-ब मध्ये दारातून तिन्हीसांजेचा खरा उजेड हवा, म्हणून साडेपाचला तयार, म्हणजे पावणेपाचला सुरुवात. दोन्ही वाटा साडेचारच्या सुमाराला फुटतात. निर्णय सव्वाचारला.

सव्वाचारला काय बघायचं, तेही लिहून ठेवा: पूर्वेला काळे ढग आहेत का, गडगडाट ऐकू येतो का, आणि हवामान खात्याच्या पुढच्या तीन तासांच्या इशाऱ्यात आपला जिल्हा आहे का. गडगडाट असेल तर प्रश्न तिथेच मिटला, किनारा बंद. बाकी दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तरी छपराखाली. एकच असेल तर किनाऱ्याकडे, पण उत्तरार्धाची चिठ्ठी आणि ताडपत्री सोबत. आदल्या रात्री आठला खात्याचा जिल्हानिहाय रंगांचा इशारा बघून युनिटला कल्पना द्यायची: पिवळा असेल तर दोन्ही तयारी, नारिंगी किंवा लाल असेल तर किनाऱ्याचा विचारच नको.

निर्णय एकाच माणसाने सांगायचा. दिग्दर्शक आणि कॅमेरामन यांच्याशी बोलून पहिला सहायक दिग्दर्शक जाहीर करतो आणि त्यानंतर चर्चा नाही. कॉल शीटवर तो दिवस असा दिसतो:

दुसरा दिवस, दुपारनंतर
२:०० – सीन ६, खोली (दोन्ही वाटांना समान)
४:१५ – निर्णय
अ: ४:३० प्रस्थान, ५:४५ सीन ११-अ, ६:४५ किनारा रिकामा
ब: ४:४५ प्रकाशयोजना, ५:३० सीन ५ (तिसऱ्या दिवशीही पाऊस असेल तर ११-ब, चौथी संध्याकाळ फक्त राहिलेल्या क्लोजअपसाठी)
कपडे: दिलीपचा निळा सदरा, दोन प्रती (एक कोरडा राखीव)

६:४५ ला किनारा रिकामा करायची वेळ मुद्दाम लिहिली आहे. उधाणाच्या दिवसांत ओहोटीनंतर पाणी वेगाने चढतं आणि अंधारात वाळूवर ठेवलेल्या पेट्या कोणाच्या लक्षात राहत नाहीत.

८. वीज आली तर वेळापत्रक बाजूला

मोकळ्या किनाऱ्यावर माणूस, बूम आणि लाइटचा स्टँड हेच सगळ्यात उंच असतात. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला तर काम थांबवून सगळ्यांनी पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जायचं. माडाखाली नाही, ताडपत्रीखाली नाही. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून तीस मिनिटं बाहेर यायचं नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देतं. ते युनिटमधल्या किमान तिघांच्या फोनवर असू द्या. सामान उचलायला मागे थांबायची परवानगी कोणालाही नाही, हे पहिल्याच दिवशी मोठ्याने सांगा.

९. कागदपत्रं आणि सामान

परवानगीचा अर्ज करताना राखीव तारखा आणि पर्यायी जागा त्याच अर्जात घाला. आमच्या एका शूटमध्ये परवानगी फक्त एका संध्याकाळची होती. दुसऱ्या दिवशी स्वच्छ ऊन असूनही किनाऱ्यावर उतरता आलं नाही. महाराष्ट्रात चित्रीकरणासाठी एक खिडकी योजना आहे, ती गोरेगावच्या चित्रनगरीतून चालणारं चित्रपट, रंगभूमी व सांस्कृतिक विकास महामंडळ बघतं. त्याशिवाय ग्रामपंचायतीचं पत्र, पोलीस ठाण्याला सूचना आणि घरमालकाशी लेखी करार. करारात माजघर आणि देवघर वापरणार हे स्पष्ट लिहा. ‘ब’ सीनची जागा म्हणजे बहुधा लोकांच्या घराचा सगळ्यात आतला भाग असतो आणि पावसात, चिखलाच्या पायांनी, ऐनवेळी तो मागणं बरं नाही.

लेखनाच्या फाइलमध्ये असू द्या: मूळ पटकथा, ‘ब’ सीनची पिवळी पानं, ‘झाला तर’ पानं, दोन वाटांचं वेळापत्रक, चार दिवसांचा भरती-ओहोटीचा तक्ता.

सामानात जाड ताडपत्र्या आणि सुती दोर, कॅमेऱ्याचं पावसाळी कव्हर, भरपूर टॉवेल, सिलिका जेलच्या पुड्या, जमिनीपासून उंच ठेवायला लाकडी पाट, केबलचे सांधे गुंडाळायला प्लास्टिक. कॅमेरा रात्री एसीच्या खोलीत ठेवू नका. सकाळी दमट हवेत आणला की लेन्सवर बाष्प धरतं आणि पहिला अर्धा-पाऊण तास जातो. ठेवावाच लागला तर पेटी न उघडता तासभर आधी बाहेर काढून ठेवा.

पैशांचं थोडक्यात: अंदाजपत्रकात दहा टक्के राखीव ठेवायची पद्धत आहे. लहान चित्रपटात त्याचा अर्थ मी असा लावतो की युनिटचा आणखी एक अर्धा दिवस परवडला पाहिजे. त्याहून कमी असेल तर सीन कमी करा.

१०. रोज रात्री पानं बदला

पॅक-अपनंतर लेखक, पहिला सहायक आणि कंटिन्युइटी बघणारा, तिघांनी वीस मिनिटं बसायचं. आज काय झालं, अ की ब? ब झाला असेल तर फाइलमधलं ‘अ’ पान काढून टाका. दोन्ही राहू दिली तर दुसऱ्या दिवशी कलाकार जुन्या पानावरचं वाक्य पाठ करून येतो. पुढच्या सीनमधली बदललेली वाक्यं त्याच रात्री कलाकारांना वाचून दाखवा. मग उरलेले कव्हर सीन मोजा. एकही उरला नसेल तर उद्या सकाळच्या शेड्यूलमधला घरातला एक सीन काढून राखीव करा, त्या जागी बाहेरचा टाका.

आणि ११-ब घेऊन झाला असला, तरी उरलेल्या एखाद्या पहाटे कॅमेरामनला एकटं किनाऱ्यावर पाठवा. वाळू, लाटेची कडा, ओल्या वाळूवरचे आक्काचे नसलेले, कोणाचेही ठसे. दहा मिनिटांचं काम आहे. माजघरातली कडी लागल्यानंतर संकलकाला तिथे पाऊस हवा असेल की रिकामा किनारा, हे तेव्हा कोणालाच माहीत नसतं.